समजलं म्हणायची पाळी

काकांना काका म्हणावं असं त्यांचं वय नव्हतं. पण ज्या वर्गात बाकीचे बहुतेक कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेले असतात, तिथे सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला दुसरं काय म्हणणार? 'सर' म्हणावं तर ते अजून सर झालेले नव्हते. तेच तर व्हायला आले होते, आणि तेही तिसऱ्यांदा.

त्याआधीची सगळी वर्षं काकांनी एका वर्तमानपत्रात प्रुफं तपासण्यात घालवली होती. एके दिवशी मालकांच्या कचेरीतून फोनवर लेखी निरोप आला, की हे काम आता यंत्र करणार आहे, तरी उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नये. निरोपात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. काकांनी त्या दुरुस्त करून निरोप परत पाठवला आणि टेबल आवरलं. रडले नाहीत, चिडले नाहीत. त्या दिवसापासून त्यांना सगळंच तसं लांबून ऐकू यायला लागलं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर शेजाऱ्याचा वाटतो. काकांचा तसा सगळा माणूसच झाला होता. मुलगी एकदा म्हणाली होती, "बाबा, तुम्ही हसता तेव्हा फक्त ओठ हलतात." त्यावरही ते हसले होते. ओठ हलले.

बायकोनं दोन महिने वाट पाहिली आणि मग एका शाळेत भाषेच्या बदली शिक्षकाची जागा शोधून दिली. शाळा चांगली होती, मुख्याध्यापिका त्याहून चांगल्या होत्या, पण नियम म्हणजे नियम: अध्यापन-ज्ञान परीक्षा पास व्हा, नाहीतर या सत्राअखेर राम राम. लेखी परीक्षेत काकांना कधीच अडचण आली नाही. अडचण होती ती प्रात्यक्षिकात. तिथे परीक्षार्थीनं व्याकरणाचा एक नियम पाचवीच्या मुलांना समजेल असा समजावून सांगायचा. आणि काकांना भाषेत चूक कुठे आहे ते डोळे मिटून सांगता यायचं, पण चूक का आहे ते उघड्या डोळ्यांनीही सांगता यायचं नाही. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. छापखान्यात कुणी "का?" असं विचारत नाही, लाल खूण केली की अक्षर बदलतं. पहिल्या खेपेला परीक्षकांनी शेरा दिला: 'उदाहरणे अचूक. स्पष्टीकरण नाही. परीक्षार्थी "असंच असतं" असे म्हणतात.' दुसऱ्या खेपेला शेरा तोच होता, फक्त अक्षर वेगळं होतं. चौथी खेप नियमात नव्हती.

त्या दिवशी सकाळी ते बसमध्ये असताना बायकोचा फोन आला.

"किल्ली घरीच विसरलात."

"असं?"

"टेबलावर होती. मी आणलीय बरोबर. माझी ड्यूटी सातला संपते. तोवर बसा पायऱ्यांवर."

"बरं."

"आणि ऐका, आज तरी त्यांना काहीतरी कारण सांगा. खोटं सांगा हवं तर, पण सांगा."

"बरं," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांच्या डोक्यात तिचं पहिलंच वाक्य घोळत राहिलं. काळजी म्हणून नव्हे, सवय म्हणून. वाक्य दिसलं की ते तपासायचे. वाक्य बरोबर होतं. फक्त ते बरोबर का आहे हे काही केल्या सापडेना.

परीक्षेची खोली म्हणजे एक खराखुरा वर्ग होता, खरी मुलं सुट्टीवर पाठवलेला. बाकं पाचवीच्या मापाची होती, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीला टेकले होते. काकांच्या गटात चौघं होते. टॉपर, ही मुलगी लेखी परीक्षेत पहिली आली होती आणि तिला आता नावानं कुणी हाक मारत नव्हतं. खेळाचे सर, यांनी आयुष्यभर शिट्टी वाजवली होती आणि आता शाळेनं त्यांना भाषाही घ्यायला सांगितली होती. आणि बाळाची आई, जिचं बाळ बाहेरच्या ओट्यावर तिच्या सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि मधूनमधून आपण आहोत हे कळवत होतं.

खरी मुलं नसल्यामुळे एक शिकवायला उभा राहिला की उरलेल्या तिघांनी मुलं व्हायचं, अशी पद्धत होती. पाठ संपला की परीक्षक बाई त्यातल्या एका 'मुला'ला उभं करून विचारायच्या, "काय शिकलास?" त्याच्या उत्तरावरून शिकवणाऱ्याला स्पष्टतेचे गुण. कागदावर पद्धत मोठी शहाणपणाची होती. ज्यानं कुणी ती काढली, त्यानं एवढंच लक्षात घेतलं नव्हतं, की या मुलांनी बी.एड. केलेलं असतं.

त्यामुळे दरवेळी परीक्षक बाई यायच्या आधीच्या चहाला प्रत्येक गटाची एक बैठक व्हायची. टॉपरनं ती ताब्यात घेतली.

"हे बघा, सगळ्यांनी क्लासच्या नोट्स वाचल्यात ना? मग प्रश्नच नाही. मी शिकवत असताना खेळाचे सर, तुम्ही एक चूक करा, मी सुधारते. ताई, तुम्ही फक्त माना हलवा. काका, तुम्ही एक प्रश्न विचारा, समजा भूतकाळ निघाला तर 'बाई, वर्तमानकाळात पण ने लागतो का?' मी म्हणेन, छान प्रश्न. शेवटी सगळ्यांनी 'समजलं बाई'. मग तुमच्या वेळी मी तुमचं करते. ठीक?"

"आणि त्यांनी उठवलं तर?" बाळाच्या आईनं विचारलं.

"क्लासचं वाक्य म्हणायचं. पाठ आहे ना?"

पाठ होतं. सगळ्यांनाच होतं. शहरातला प्रत्येक परीक्षार्थी त्याच एका क्लासला जात होता आणि क्लासवाल्या सरांनी प्रत्येक नियमाचं एक-एक वाक्य बांधून दिलं होतं.

"मला काही बरोबर येत नाही, पण चूक मस्त करतो मी," खेळाचे सर म्हणाले. "त्याची काळजी सोडा."

परीक्षक बाई आल्या. बारीक अंगाच्या, पर्समध्ये गोळ्यांची डबी, आणि चेहऱ्यावर आठवडाभर एकच पिक्चर बघितल्याचा थकवा. मागच्या बाकावर बसून त्यांनी गुणपत्रिका काढली आणि मान वर न करता म्हणाल्या, "घ्या."

टॉपरनं चिठ्ठी उचलली. भूतकाळ आणि 'ने'. तिचा चेहरा उजळला. नोट्समधलं आवडतं पान निघालं होतं. आणि खरं सांगायचं तर ती छान बोलत होती. 'मुलगा चिठ्ठी वाचतो' असं लिहिलं, खाली 'मुलाने चिठ्ठी वाचली' लिहिलं, चिठ्ठीच्या जागी कागद घातला, पुस्तक घातलं: कागद वाचला, पुस्तक वाचले. वाचणारा तोच, तरी क्रियापद बदलतंय. म्हणजे ते आता कुणाचं ऐकतंय? खेळाचे सर उठून म्हणाले, "बाई, मुलाने चिठ्ठी वाचला," आणि ही चूक ठरलेली होती की त्यांची स्वतःची, ते कुणालाच कळलं नाही. टॉपरनं ती गोड सुधारली. मग तिनं काकांकडे पाहिलं. त्यांची पाळी होती.

काका उठले. गुडघा बाकावर आपटला. आपल्याला काहीतरी विचारायचं होतं एवढं त्यांना आठवत होतं. काय, ते मात्र त्या लांबच्या आवाजांत कुठेतरी राहिलं होतं. डोक्यात एकच गोष्ट होती, तीच तोंडातून बाहेर आली.

"बाई, 'बाबा किल्ली विसरले' असं म्हणतात. किल्ली तर कर्म आहे, काळ भूतकाळ आहे. मग 'बाबांनी किल्ली विसरली' असं का नाही म्हणत?"

बाहेर बाळ रडत होतं, ते थांबलं. परीक्षक बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

"छान प्रश्न," टॉपर सवयीनं म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की पुढचं वाक्य नाही. "ते... तो अपवाद आहे."

काका अजून उभेच होते. विद्यार्थ्यानं 'बस' म्हटल्याशिवाय बसू नये, हे त्यांच्या शाळेत शिकवलेलं.

"का, बाई?"

यात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. बऱ्याच दिवसांत त्यांना काही जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं, आणि वाटलं ते नेमकं इथे.

टॉपरच्या मानेवर लाल चट्टे उमटले. तिनं फळ्याकडे पाहिलं, खडूकडे पाहिलं, आणि म्हणाली, "असंच असतं. पाठ करा."

परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल, ते त्या खोलीत फक्त एकाच माणसाला न वाचता माहीत होतं.

मधल्या सुट्टीत काकांशी कुणी बोललं नाही. बाळाची आई बाळाला घेऊन लांब जाऊन बसली. खेळाचे सर एवढंच म्हणाले, "काका, आपल्याच गोलमध्ये?" टॉपर नळाशी तोंड धूत होती, ती पाणी जरा जास्तच वेळ मारत होती. काकांना वाटलं, आपल्याला आता वाईट वाटायला हवं. त्यांनी वाट पाहिली. काही आलं नाही.

खेळाच्या सरांचा आणि बाळाच्या आईचा पाठ ठरल्याप्रमाणे पार पडला. त्यांच्यासाठी सगळ्यांनी माना हलवल्या, काकांनीसुद्धा. मग काकांची पाळी आली. चिठ्ठी निघाली: विशेषण नामाप्रमाणे केव्हा बदलते. नियम सोपा होता. आता तिघांनी माना हलवल्या की झालं.

पण समोर तीन चेहरे होते आणि एकही मान हलणार नव्हती.

काकांनी फळ्यावर दरवाजा, खिडकी, टेबल असे शब्द लिहिले. "यांना 'मोठा' हा शब्द लावा."

"मोठा दरवाजा, मोठा खिडकी, मोठा टेबल," खेळाचे सर म्हणाले, आणि हाताची घडी घातली.

काकांचा हात आपोआप वर गेला. छापखान्यात असता तर 'मोठा खिडकी'वर काट बसली असती. हात तसाच राहिला. काट मारली तर ते विचारणार, का? आज हे तिघे विचारल्याशिवाय सोडणार नाहीत, एवढं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"तुमच्या घरी काय म्हणतात? मोठा खिडकी उघड?"

"घरी 'मोठी खिडकी' म्हणतात," खेळाचे सर नाइलाजानं म्हणाले.

"टेबलाला?"

"मोठं टेबल."

काकांनी तिन्ही लिहिलं. "आता तिघांना 'लाल' लावा."

"लाल दरवाजा, लाल खिडकी, लाल टेबल," बाळाची आई म्हणाली.

"लाल बदलला?"

"नाही. पण का नाही बदलला, सर?" तिनं 'सर' हा शब्द असा म्हटला, की त्याला धार होती.

एरवी इथेच काका म्हणाले असते, असंच असतं. ते शब्द जिभेवर आले होते. पण सकाळीच दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकले होते, आणि ऐकायला ते फार वाईट होते.

"मला नका विचारू. फळ्याला विचारा," ते म्हणाले. "एक शब्द बदलतो, एक बदलत नाही. दोघांत फरक काय दिसतो?"

"मोठ्यात म आहे," खेळाचे सर म्हणाले. वात्रटपणा करायचा म्हणून म्हणाले. पण खरंतर त्यांना तेवढंच दिसत होतं.

"असेल," काका म्हणाले. "मग म असलेला दुसरा शब्द घेऊ. 'महाग' लावून बघा."

"महाग दरवाजा. महाग खिडकी. महाग..." सर थांबले. "आयला, नाही बदलत."

"मग म?"

"म नाही." सरांच्या हाताची घडी सुटली. पेनल्टी हुकल्यासारखे ते पुढे झुकले. "थांबा, थांबा. काळा बदलतो. काळी खिडकी. पांढरा बदलतो. सुंदर नाही बदलत. हुशार नाही. सुरुवातीला नाही हो, शेवटाला आहे ते! आ! शेवटी आ असला की बदलतो!"

"बघा पडताळून. उंच?"

"शेवटी आ नाही. उंच दरवाजा, उंच खिडकी. नाही बदलत!"

"जादा," टॉपर म्हणाली.

आता तिनं तो शब्द टेबलावर पत्ता टाकावा तसा टाकला. "शेवटी आ आहे, सर. जादा दरवाजा, जादा खिडकी. जादी खिडकी का नाही?"

तिची बाजी चांगली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आखली आणि आत 'जादा' लिहिलं.

"हा बाहेरून आलेला शब्द आहे. येताना त्याच्या भाषेतली सवय घेऊन आला, ती त्यानं सोडली नाही. असे थोडेच आहेत. त्यांच्यामुळे नियम टाकून द्यायचा नाही आणि त्यांना दडवायचंही नाही. ते सापडतील तसे इथे लिहायचे."

घंटा वाजली. कुणीही 'समजलं सर' म्हटलं नाही.

परीक्षक बाई उठून पुढे आल्या. त्यांनी तिघांकडे पाहिलं आणि पेन टॉपरकडे रोखलं. "तू सांग. काय शिकलीस?"

काकांना कळलं, की आता आपली नोकरी या मुलीच्या तोंडात आहे, आणि सकाळी आपण तिची तिच्या तोंडातून काढून घेतली होती. मुख्याध्यापिका आठवल्या. बायकोचं 'खोटं सांगा हवं तर' आठवलं. टॉपरही काकांकडेच पाहत होती. मग तिनं नजर समोर लावली आणि एका दमात म्हटलं, "आकारान्त विशेषणे नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतात, इतर विशेषणे अविकारी राहतात, काही आगत शब्द त्यास अपवाद होत."

चोख होतं. खेळाच्या सरांनी सुस्कारा सोडला. बाळाच्या आईनं शेवटी मान हलवली.

परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "हे क्लासचं वाक्य आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून अकरा वेळा ऐकलंय. पाचवीतलं कुठलं पोर 'अपवाद होत' म्हणतं? हे तू यांच्याकडून शिकलीस की घरून आणलंस, मला कसं कळणार?"

टॉपर फळ्याकडे बघायला लागली.

"गुण देता येत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि काकांना तेही लांबूनच ऐकू आलं. बाईंनी गुणपत्रिका उलटसुलट केली. "एकाच विद्यार्थ्याला विचारावं, असं लिहिलंय इथे. ही विद्यार्थी नाही, ही टेपरेकॉर्डर आहे. म्हणजे मी अजून कुणाला विचारलेलंच नाही." पेन खेळाच्या सरांकडे वळलं. "तू."

सर दचकून उभे राहिले. बाक त्यांच्याबरोबर थोडं उठलं.

"म नाही," ते म्हणाले. "आधी मला म वाटला होता, पण महाग घेतला की फसतं. शेवट बघायचा. शेवटी आ असेल तर दरवाजाला मोठा, खिडकीला मोठी, टेबलाला मोठं. आ नसेल तर कुणालाही लावा, जसंच्या तसं. आणि जादा... जादा कोपऱ्यात आहे."

"कोपऱ्यात का?"

"पाहुणा आहे तो, बाई."

परीक्षक बाईंचे ओठ किंचित हलले. त्यांनी लिहायला घेतलं.

निकाल दुपारीच सांगायचे. खेळाचे सर पास, बाळाची आई पास. काका काठावर पास. 'नियम परीक्षार्थीने स्वतः स्पष्ट शब्दांत सांगितला' या रकान्यात भोपळा, कारण तो त्यांनी सांगितलाच नव्हता, आणि 'विद्यार्थ्यांनी समजल्याचे दर्शविले' या रकान्यातही भोपळा. बाकीच्या रकान्यांनी तारलं. टॉपरला पुढच्या खेपेला यायचं होतं. तिची ही पहिलीच खेप होती.

काका बाहेर आले तेव्हा ती ओट्यावर बसली होती. काका उभे राहिले. माफी मागावी असं त्यांनी ठरवलं होतं, पण माफी मागायला जे आत लागतं ते कुठे ठेवलंय, हे आठवत नव्हतं.

"तो प्रश्न," तिनंच विचारलं, "मुद्दाम होता?"

"नाही. खरंच कळत नव्हतं."

"मग उत्तर काय त्याचं?"

"मला अजून नाही कळलं."

"मग चहाच्या वेळी विचारायचंत ना, काका! सगळ्यांनी मिळून शोधलं असतं!"

"तेव्हा... ठरलेलं विचारायचं होतं."

यावर तिला हसू आलं की रडू, ते सांगणं कठीण होतं. बहुतेक दोन्ही. काका तिच्या शेजारी बसले. "तू ते क्लासचं वाक्य मला वाचवायला म्हटलंस, की बुडवायला?"

"तेच आठवतेय कधीपासून," ती म्हणाली. "तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं. मला वाटतं मला काहीच वाटत नव्हतं त्या वेळी." मग म्हणाली, "भीती वाटली त्याची."

काकांनी मान हलवली. हे मात्र त्यांना समजलं होतं.

"विसरणे," ती बोटं मोजायला लागली. "ती नाव विसरली. शिकणे. तो गाणं शिकला. त्यानं गाणं शिकलं नाही म्हणत."

"तो पाणी प्याला," काका म्हणाले.

"हां. तो खोटं बोलला. कर्म असून ने नाही. म्हणजे एकटं विसरणं नाहीये, टोळी आहे. का आहे ते पुढच्या खेपेला सांगीन. नाहीतर म्हणेन, मला माहीत नाही, उद्या शोधून सांगते. तेवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं ना आज?"

"चाललं असतं," काका म्हणाले. "मला कधी सुचलं नाही ते. दोनदा."

घराच्या दाराला कुलूप होतं. काका पायऱ्यांवर बसले. थोड्या वेळानं मुलगी शाळेतून आली, दप्तर शेजारी टाकून बसली.

"किल्ली?"

"विसरलो."

"आणि परीक्षा?"

"पास."

"म्हणजे आता तुम्ही खरे सर?" तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, ओठ सोडून डोळ्यांकडे. "बाबा, आनंद झालाय ना तुम्हाला?"

सवयीनं 'हो' येत होतं. ते ठरलेलं उत्तर होतं.

"माहीत नाही," काका म्हणाले. "शोधून सांगतो."

मुलीला ते पटलेलं दिसलं. आई यायला अजून अवकाश होता. तिनं दप्तरातून वही काढली आणि गृहपाठाला बसली.